रांजणवाडी की पापणीतील गाठ?

पापणीवर फोड दिसला की ती रांजणवाडीच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अशा गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. वेदना, जागा आणि कालावधी या तीन गोष्टींवरून त्यांतील भेद ओळखता येतो.

रांजणवाडी हा जंतुसंसर्ग होय. पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतूंचा शिरकाव झाला की कड लाल होते, ठणकते आणि पुवाचे पिवळसर टोक दिसू लागते. ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होते. दुसरा प्रकार ‘कॅलेझियन’ या नावाने ओळखला जातो. पापणीच्या आत तेलकट स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की स्राव साचून घट्ट होतो आणि कडेपासून थोडी दूर टणक गाठ तयार होते. ती सहसा दुखत नाही, मात्र अनेक आठवडे टिकते. रांजणवाडी ओसरल्यावरही अशी गाठ मागे राहू शकते.

शेक कसा द्यावा?

दोन्हींवर पहिला उपाय एकच, तो म्हणजे ओला, गरम शेक. उष्णतेने घट्ट झालेला स्राव पातळ होतो व त्यास वाट मिळते. प्रथम हात साबणाने धुवावेत. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळावे, मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे आणि मिटलेल्या पापणीवर ठेवावे. कापड लवकर निवते, म्हणून ते पुनःपुन्हा बुडवावे. असा शेक 10 मिनिटे, दिवसातून 3-4 वेळा द्यावा. गाठ न दुखणारी असल्यास शेकानंतर केसांच्या दिशेने, म्हणजे वरच्या पापणीवर खाली व खालच्या पापणीवर वर, बोटाने हलके चोळावे. उकळत्या पाण्याने किंवा वाफेने पापणी भाजते. फोड पिळल्यास जंतुसंसर्ग पसरतो.

तपासणी केव्हा?

समजा, साठीच्या एका शेतकऱ्याच्या वरच्या पापणीवर न दुखणारी गाठ आली. शस्त्रक्रियेने ती काढली, परंतु काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा उद्भवली आणि तेथील केसही गळाले. ही साधी गाठ समजून पुन्हा शेकत बसणे धोक्याचे ठरते. तेलग्रंथीचा कर्करोग नेमके असेच रूप घेतो. अशा वेळी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते.

नियमित शेक देऊनही महिनाभरात गाठ कमी झाली नाही, तर नेत्रतज्ज्ञास दाखवावी. लहान मुलाच्या मोठ्या गाठीचा बुबुळावर दाब पडून दृष्टी अस्पष्ट होऊ शकते. संपूर्ण पापणी सुजणे, ताप येणे, डोळा हलविताना दुखणे किंवा कमी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास शेकाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.