एक आऊटडोअर, तीन खोल्या : एसीचे कोटेशन मागवताना मेलमध्ये काय लिहावे

दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी मल्टी-स्प्लिट एसीचे कोटेशन चार ठिकाणी मागवले की आकडे इतके वेगळे येतात, की नेमके स्वस्त कोण तेच कळत नाही. बहुतेक वेळा दोष ठेकेदाराचा नसतो. ‘तीन खोल्यांसाठी एसी बसवायचा आहे, भाव कळवा’ एवढेच आपण लिहिलेले असते. मग एकजण कॉपर पाइप धरून भाव देतो, दुसरा वगळून. एकजण जीएसटीसह आकडा लिहितो, दुसरा तो तळाशी बारीक अक्षरांत ठेवतो. मोजमापे आणि प्रश्न आपणच मेलमध्ये घातले, तर सगळ्यांना एकाच कामाचा भाव द्यावा लागतो.

मल्टी-स्प्लिटमध्ये बाहेर एकच युनिट असते आणि त्यावर दोन, तीन किंवा अधिक इनडोअर चालतात. प्रत्येक इनडोअरला कॉपरची स्वतंत्र जोडी आऊटडोअरपासून ओढावी लागते. त्यामुळे खर्चात आणि घोळातही मोठा वाटा असतो तो या पाइपांचा. दुसरा घोळ क्षमतेचा. इनडोअर दीड, एक आणि एक असे मिळून साडेतीन टन, आणि बाहेरचे युनिट अडीच टनाचे, अशी जोडणी कंपन्या मान्य करतात, कारण सगळ्या खोल्या सहसा एकदम चालत नाहीत. पण तिन्ही एकत्र पूर्ण भाराने चालवल्या तर प्रत्येकीला साधारण सत्तर टक्केच थंडावा मिळणार. म्हणून कोणत्या वेळी कोणत्या खोल्या चालतात, हे ठेकेदाराला आधीच कळले पाहिजे.

त्यात आपला उन्हाळा. एसीवर छापलेली क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. नांदेड आणि लातुरात मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो, आणि ड्राय बाल्कनीत किंवा डक्टमध्ये आऊटडोअरची स्वतःची गरम हवा कोंडली तर त्याच्या भोवती त्याहूनही जास्त तापते. कंपनीकडे 46 अंशांपर्यंतचा तक्ता असतो. तो मागावा.

मेलमध्ये टन मात्र लिहू नयेत. ‘दीड टन, एक टन, एक टन’ असे लिहिले की सगळे तेच टंकून पाठवतात आणि हिशेब कुणीच करत नाही. खोल्या लिहाव्यात, टन त्यांना काढू द्यावेत. नांदेडच्या तरोडा भागातला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट धरून लिहिलेला हा नमुना पाहा.

विषय : मल्टी-स्प्लिट एसी, तीन खोल्या, तरोडा, नांदेड – कोटेशनबाबत

सप्रेम नमस्कार,

आमचा फ्लॅट चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. स्लॅबवर पत्रा किंवा सावली नाही. हॉल 18 बाय 11 फूट, मोठी बेडरूम 12 बाय 11 फूट, लहान बेडरूम 11 बाय 10 फूट. उंची साडेनऊ फूट. मोठ्या बेडरूमची भिंत आणि खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी फक्त हॉलचा एसी चालेल, रात्री दोन्ही बेडरूमचे. तिन्ही एकत्र चालण्याची वेळ संध्याकाळी आठ ते दहा.

आऊटडोअरसाठी सोसायटीने फक्त ड्राय बाल्कनीची जागा दिली आहे : रुंदी 4 फूट, खोली 3 फूट, समोरची बाजू मोकळी. तिथून पाइपच्या वाटेने हॉलचे इनडोअर 6 मीटर, मोठ्या बेडरूमचे 9 मीटर आणि लहान बेडरूमचे 12 मीटर अंतरावर आहे. वीजजोडणी सिंगल फेज असून बिलावर मंजूर भार 3 किलोवॅट आहे. खोल्यांचे फोटो आणि फ्लॅटचा नकाशा सोबत जोडला आहे.

कृपया जागा पाहून पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात :

1. प्रत्येक खोलीसाठी सुचवलेली क्षमता, आऊटडोअरची क्षमता आणि सर्व युनिटांचे मॉडेल क्रमांक. बाहेर 46 अंश असताना तिन्ही इनडोअर एकत्र चालले तर प्रत्येक खोलीला किती क्षमता मिळेल? फक्त लहान बेडरूम चालू असताना आऊटडोअर किती खाली उतरून चालेल?
2. आऊटडोअर पूर्ण भाराला किती वॅट ओढेल? मंजूर भार वाढवावा लागेल का? वेगळी वायर, एमसीबी, अर्थिंग आणि लागल्यास स्टॅबिलायझर यांचा खर्च.
3. एकूण 27 मीटर कॉपर जोडी इन्सुलेशनसह धरून किंमत, पाइपची जाडी, आणि मोजमाप कमी-जास्त भरल्यास प्रति मीटर दर. जादा गॅस लागणार असल्यास त्याचा दर.
4. ड्रेन पाइप, स्टँड, कोअर कटिंग, भिंतीची डागडुजी यांपैकी काय धरले आहे आणि काय वगळले आहे.
5. नायट्रोजनने दाबाची चाचणी आणि व्हॅक्यूम पंप वापरणार का?
6. कंप्रेसर, पीसीबी आणि तुमच्या बसवणीच्या कामाची वॉरंटी किती? बिघाड झाल्यास तंत्रज्ञ कोणत्या शहरातून येईल?
7. याच तीन खोल्यांसाठी तीन स्वतंत्र इन्व्हर्टर स्प्लिटची किंमत, तुलनेसाठी.

सर्व किमती जीएसटी वेगळा दाखवून, अखेरीस एकच एकूण रक्कम लिहून द्याव्यात. जागा पाहण्यासाठी शनिवारी किंवा रविवारी येता येईल.

आपला,
(नाव, मोबाइल क्रमांक)

हा मेल सगळ्यांना एकाच वेळी पाठवताना पत्ते ‘बीसीसी’त टाका, म्हणजे एकमेकांना विचारून भाव ठरवण्याची सोय राहत नाही. आपल्याकडे कित्येक डीलर मेल उघडतच नाहीत. त्यांना हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर द्या, पण उत्तर लेटरहेडवर मागा. जागा न पाहता फोनवरच आकडा सांगणाऱ्याला यादीतून काढले तरी चालेल.

आता उत्तरे कशी वाचायची ते पाहू. पुढचे आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत, त्यांना बाजारभाव समजू नये. पहिल्या ठेकेदाराने वर ठळक लिहिले, 1,68,000 रुपये. दुसऱ्याने लिहिले 2,24,000. पहिला 56,000 ने स्वस्त वाटतो. पण त्याच्या आकड्यात जीएसटी नाही; 18 टक्क्यांनी 30,240 वाढून रक्कम 1,98,240 झाली. प्रत्येक इनडोअरबरोबर तीन मीटर कॉपर धरले आहे, म्हणजे नऊ मीटर. लागणार 27. उरलेले 18 मीटर 1,100 रुपये दराने 19,800, करासह 23,364. कोअर कटिंग, स्टँड आणि ड्रेन पाइप ‘प्रत्यक्षानुसार’ आहेत. ते 7,150 धरले तर करासह 8,437. बेरीज 2,30,041 रुपये. दुसऱ्याने 30 मीटरपर्यंत कॉपर आणि बाकी सगळे करासह धरले असेल, तर महाग दिसणारा तोच 6,041 रुपयांनी स्वस्त आहे. ‘प्रत्यक्षानुसार’ असे जिथे लिहिलेले दिसेल, तिथे दर विचारून आपणच आकडा भरावा आणि मग बेरजा शेजारी ठेवाव्यात.

एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुन्या कोटेशनच्या नकलेत 28 तसाच राहिलेला दिसला, तर लगेच दुरुस्त करून घ्या.

कामाच्या दर्जातला फरक पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात कळतो. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढायची असते. घाईतले कारागीर थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि मोकळे होतात. ओल आत राहिली की तेल खराब होते आणि कंप्रेसरचे आयुष्य घटते. शिवाय आर-32 हा गॅस थोडासा ज्वलनशील आहे, तो घरात सोडण्याची गोष्ट नव्हे. एका आऊटडोअरवर तीन जोड्या म्हणजे गळतीच्या जागाही तिप्पट. म्हणून पाइप फॉल्स सीलिंगमध्ये झाकले जाण्यापूर्वी नायट्रोजन भरून दाबाचा काटा एक दिवस तिथेच थांबतो का, हे स्वतः पाहा. काटा खाली आला तर गळती आहे, आणि ती पीओपी बंद झाल्यावर शोधायची म्हणजे छत फोडावे लागते. छताच्या आत पाइपला मधे सांधा नको, अशी अटही घाला.

कोअर कटिंगचे भोक साधारण अडीच इंचांचे असते. ते विटेच्या भिंतीतच पडले पाहिजे; बीम किंवा कॉलमला यंत्र लावू देऊ नका, वाट लांब पडली तरी चालेल. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्या लातूर जिल्ह्याने सोसला, तिथे याची फोड करून सांगायला नको. जागा पाहायला आलेल्या माणसाकडून भोकांच्या खुणा भिंतीवर करून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

ड्रेनच्या उताराची परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, इनडोअरमधून पाणी जेमतेम गळते. जूनमध्ये दमट हवा आली की पाणी वाढते आणि उतार चुकला असेल तर ते भिंतीवरून खाली येते. तोवर पैसे चुकते झालेले असतात. काम ताब्यात घेतानाच प्रत्येक इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतायला लावा आणि ते ड्रेनच्या तोंडातून बाहेर येते का पाहा. शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, असे कोटेशन स्वीकारतानाच मेलने कळवा.

सहावा प्रश्न नांदेड आणि लातूरसाठी विशेष महत्त्वाचा आहे. साधा स्प्लिट दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत. मल्टी-स्प्लिटचा पीसीबी बिघडला तर सुटा भाग आणि शिकलेला तंत्रज्ञ पुण्याहून, संभाजीनगरहून किंवा हैदराबादहून यावा लागू शकतो, आणि तोवर तिन्ही खोल्या बंद. ‘सर्व्हिस उपलब्ध’ एवढ्यावर समाधान मानू नका. शहर आणि दिवस लिहून घ्या. ठेकेदार बाहेरगावचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तक्रार करताना तुमचा मेल आणि त्याला आलेले लेखी उत्तर पुरावा म्हणून चालते. फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड असते.

सातव्या प्रश्नाचे उत्तर येईल तेव्हा तीन स्वतंत्र स्प्लिट बहुधा स्वस्त निघतील, आणि एक बंद पडला तरी बाकीचे दोन चालू राहतील. तेव्हा तीन आऊटडोअरना हवेशीर आणि हात पोहोचेल अशी जागा असेल, तर नांदेड-लातुरात स्वतंत्र स्प्लिटच घ्यावेत. सोसायटी एकच जागा देत असेल, तेव्हाच मल्टी-स्प्लिटचा जादा खर्च पटण्यासारखा आहे.