काकवीची बाटली आणि पाच तारे

समजा, वरकुट्यातला एखादा बचत गट ॲमेझॉनवर काकवी विकायला लागला. पहिल्या महिन्यात चाळीस बाटल्या गेल्या, पण प्रतिक्रिया एकही आली नाही. मग कुणीतरी सुचवतं, "पुण्यातल्या भाच्याला सांगू, तो लिहील चार ओळी." नेमकं तेच करायचं नाही. विक्रेत्याच्या घरच्यांनी, नातेवाइकांनी किंवा मित्रांनी लिहिलेली प्रतिक्रिया ॲमेझॉनला चालत नाही. पकडली गेली तर ती काढली जाते आणि दुकानाचं खातंही बंद पडू शकतं. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून लिहिणं तर 2020च्या ई-कॉमर्स नियमांनीही मना केलं आहे.

मग मागायचं कसं? ॲमेझॉनच्या Seller Central मध्ये ऑर्डर उघडली की Request a Review हे बटण दिसतं. माल पोहोचल्यापासून पाचव्या ते तिसाव्या दिवसादरम्यान, एका ऑर्डरला एकदाच, ते दाबता येतं. निरोप ॲमेझॉनच पाठवतं आणि त्यातला मजकूर आपल्याला बदलता येत नाही, ही खरं तर सोयच आहे. पाचव्या दिवशी घाई करू नका. काकवी घरात आल्या आल्या कुणी फोडत नाही. भाकरीशी दोनतीनदा खाऊन झाली की माणसाला सांगण्यासारखं काही असतं, म्हणून दहा-बारा दिवस थांबा. बटण मात्र चाळिसांच्या चाळीस ऑर्डरना दाबा. 

जास्त घोळ होतो तो डब्यात टाकायच्या चिठ्ठीवर. "आवडलं तर पाच तारे द्या, नाही आवडलं तर आम्हाला फोन करा" हे वाक्य वाचायला सभ्य वाटतं, पण त्यात चाळण आहे. खूश माणूस दुकानाच्या पानाकडे जातो आणि नाराज माणूस फोनकडे वळतो, त्यामुळे पानावर एकच बाजू उरते. ॲमेझॉन आणि गूगल दोघांनाही ही चाळण मान्य नाही. "प्रतिक्रिया द्या, पुढच्या बाटलीवर पन्नास रुपये सूट" हेही तसंच बाद. चिठ्ठीत एवढंच लिहा: "काकवी कशी वाटली, जसं वाटलं तसं लिहा." ताऱ्यांचा उल्लेख नको, बक्षीसही नको. बाटली गळाली तर बदलून देण्याची सोय लिहायची असेल, तर ती वेगळ्या ओळीत लिहा, प्रतिक्रियेशी जोडू नका.

चाळीसपैकी तीनच जण लिहितील, कदाचित त्याहूनही कमी. त्यातल्या एकाने दोन तारे देऊन "झाकणातून गळत होती" असं लिहिलं, तर ती प्रतिक्रिया काढून टाकायची विनंती त्याला करू नका, बदल्यात पैसेही देऊ नका. त्याऐवजी शिल्लक बाटल्या तासभर आडव्या ठेवून बघा. झाकणाखाली ओल दिसली तर दोष सीलचा आहे. सील बदला आणि बदल केल्याचं मालाच्या वर्णनात लिहा.