सराव परीक्षेनंतर वर्गाला काय लिहून द्यावे?

प्रश्न : दहावीच्या सराव परीक्षेत 'मी भाजे लेणे बोलतेय' हे आत्मकथन दिले होते. लेणी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली, तरी बहुतेकांचे लेखन पाठ केल्यासारखे झाले. पेपरावरचे शेरे कोणी वाचत नाही. सगळ्या वर्गाला मिळून एकच टिपण द्यायचे तर त्यात काय असावे?
– एक शिक्षिका, भाजे

उत्तर : सगळ्या चुका टिपणात घालू नका. गुण सर्वांत जास्त कुठे गेले ते पाहा आणि तेवढेच लिहा. आत्मकथनात ते बहुधा शुद्धलेखनात जात नाहीत, बोलणारा मध्येच बदलतो तिथे जातात. चूक समजावून सांगण्यापेक्षा दाखवा. कोणाही एका मुलाचे वाक्य जसेच्या तसे घेऊ नका. वर्ग लगेच ओळखतो. दोन-तीन पेपरांतली वाक्ये मिसळून असा नमुना करा :

'मी भाजे लेणे बोलतोय. मला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदले. भाजे लेणी मळवली स्टेशनजवळ आहेत. तेथे २२ लेणी आहेत. पर्यटक तेथे कचरा करतात.'

तिसऱ्या वाक्यात लेणे बोलायचे थांबले आणि माहितीफलक सुरू झाला. 'तेथे' हा शब्द त्याची खूण आहे. लेणे स्वतःच्या जागेला 'इथे'च म्हणेल. शिवाय 'लेणे' नपुंसकलिंगी, म्हणून 'बोलतोय' नव्हे, 'बोलतेय'. ही चूक पहिल्याच ओळीत असली की परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. आता त्याखाली दुरुस्त परिच्छेद द्या :

'मी भाजे लेणे बोलतेय. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी छिन्नीचे घाव सोसत मी या डोंगरात आकाराला आले. माझ्या चैत्यगृहाच्या छताला तेव्हाच्या लाकडी कमानी अजून आहेत. पावसाळ्यात मळवलीला उतरलेली माणसे पायऱ्या चढून येतात, ओल्या अंगाने माझ्या खांबांना टेकून फोटो काढतात आणि वेफर्सची पाकिटे इथेच टाकून जातात.'

माहिती जवळपास तीच आहे, पण आता ती लेण्याने सोसलेली, पाहिलेली आहे. 'पर्यटक कचरा करतात' हे कोणत्याही लेण्याबद्दल लिहिता येते. छतातल्या लाकडी कमानी मात्र वर मान करून पाहिलेल्यालाच आठवतात. गावातल्या मुलांनी त्या पाहिलेल्या असतात, लिहिताना गाइडमधली वाक्ये आधी आठवतात एवढेच.

शुद्धलेखनाचे म्हणाल तर 'आणी' आणि 'कि' यांसारखे वारंवार चुकलेले दोनच शब्द घ्या. दोघा-तिघांचीच असलेली चूक टिपणात नको, त्यांना जवळ बोलावून सांगा.

टिपण नुसते वाचून दाखवू नका. पेपर परत देताना तेही हातात द्या आणि प्रत्येकाला आपल्या निबंधातली 'तेथे', 'त्यांना', 'ही लेणी' अशी ठिकाणे पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. ज्या परिच्छेदात अशा रेघा जास्त, तेवढाच त्याच तासाला पुन्हा लिहून घ्या. पूर्ण निबंध पुन्हा लिहायला लावलात तर मुले तो मित्राच्या वहीतून उतरवतील. हे नवे परिच्छेद तपासताना गुण देऊ नका, फक्त बोलणारा शेवटपर्यंत टिकला का ते पाहा.