फॉरेक्स समजून घ्या: मानवतचा कापूस, डॉलर आणि 40 पिप्स

मागच्या महिन्यात एक तरुण दुकानात आला. मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, "सर, 17 हजार टाकलेत, फॉरेक्स शिकायचंय. हे पिप म्हणजे काय हो?" पैसे आधी टाकले आणि प्रश्न नंतर विचारला! म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेला भाग इथे सावकाश लिहितोय. हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सोबत करत चला.

1. जोडी म्हणजे काय?

समजा आपण म्हणतो "डॉलर 85 ला आहे". ही झाली चलनांची जोडी. स्क्रीनवर ती USD/INR अशी दिसते. डावीकडचं चलन म्हणजे माल आणि उजवीकडचं म्हणजे त्याची किंमत. 1 डॉलर हा माल घ्यायला 85 रुपये लागतात, एवढाच अर्थ. आकडा 85 वरून 86 झाला तर डॉलर महागला आणि रुपया उतरला. इथेच नवीन माणूस गोंधळतो. आकडा वाढला की त्याला वाटतं रुपया वाढला. नेहमी डावीकडचं चलन बघा, भाव त्याचा आहे.

2. हे आपल्या जिल्ह्यात कुठे लागतं?

मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंगमध्ये कापूस जातो, त्यातून सरकी वेगळी होते आणि रुई निघते. ही रुई खंडीवर विकली जाते. एक खंडी म्हणजे साधारण 356 किलो, पौंडात 784. जागतिक बाजारात कापसाचा भाव पौंडामागे डॉलरमध्ये ठरतो. म्हणजे गणित सोपं आहे:

खंडीचा भाव = 784 × पौंडाचा भाव (डॉलर) × डॉलरचा दर

समजा कापूस 0.70 डॉलर पौंड आहे. 784 × 0.70 = 548.8 डॉलर. आता डॉलर एक रुपयाने वाढला की खंडीमागे जवळपास 549 रुपये वाढतात. एक खंडी रुईला अंदाजे साडेदहा क्विंटल कापूस लागतो (क्विंटलला 34 किलो रुई धरली तर). म्हणजे कापसाच्या क्विंटलमागे 52 रुपयांच्या आसपास फरक. वाहतूक, प्रत, इथली आवक आणि सरकीचा भाव यामुळे प्रत्यक्ष भाव याच्या वर-खाली राहतो, पण दिशा कळते.

3. दर हलतो कशाने? 2022 चं वर्ष बघा

2022 च्या सुरुवातीला डॉलर 74 रुपयांच्या आसपास होता. ऑक्टोबरमध्ये त्याने 83 ओलांडले. त्या वर्षी तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

पहिली, तेल. फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि कच्चं तेल 100 डॉलर पिंपाच्या वर गेलं. आपण बहुतेक तेल आयात करतो आणि बिल डॉलरमध्ये भरतो. बिल मोठं झालं, डॉलरची मागणी वाढली.

दुसरी, व्याज. अमेरिकेच्या फेडने मार्चमध्ये जवळपास शून्यावर असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत 4.25 ते 4.50 टक्क्यांवर नेला. घरच्या घरी चांगलं व्याज मिळतंय म्हटल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी इथले शेअर विकले, रुपये देऊन डॉलर घेतले आणि निघाले.

तिसरी, रिझर्व्ह बँक. तिने आपल्या साठ्यातले डॉलर बाजारात विकले, म्हणून घसरण आवाक्यात राहिली. बँक दर एका आकड्यावर बांधून ठेवत नाही, फक्त धक्के कमी करते.

आता हे कापसाला लावू. मे 2022 मध्ये कापूस दीड डॉलर पौंड आणि डॉलर 77.50 धरा: 784 × 1.50 × 77.50 = 91,140 रुपये खंडी. ऑक्टोबर अखेर कापूस पाऊण डॉलर आणि डॉलर 82.50: 784 × 0.75 × 82.50 = 48,510 रुपये.

डॉलर पाच रुपयांनी वाढूनही खंडी निम्म्यावर आली! दर 77.50 च राहिला असता तर हिशोब 45,570 आला असता. म्हणजे घसरलेल्या रुपयाने खंडीमागे 2,940 रुपयांचा आधार दिला, आणि कापसाच्या भावाने 45 हजारांच्या वर नेले. "डॉलर वाढला, आता माल वाढणारच" असं म्हणून माल घरात धरून ठेवणाऱ्याने हे दोन्ही आकडे वेगवेगळे बघायला हवे होते.

4. पिप म्हणजे काय?

बहुतेक जोड्यांमध्ये दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा म्हणजे पिप. युरो-डॉलर (EUR/USD) 1.0850 वरून 1.0851 झाला की एक पिप. जपानी येन असलेल्या जोडीत मात्र दुसरा आकडा धरतात. अॅपवर पाचवा आकडाही दिसतो, तो पिपचा दहावा भाग आहे, त्याला पिप समजू नका.

पिपची किंमत लॉटवर ठरते. एक पूर्ण लॉट म्हणजे 1 लाख युरो. 1,00,000 × 0.0001 = 10 डॉलर. अर्ध्या लॉटला एक पिप म्हणजे 5 डॉलर.

आता त्या तरुणाचा मोबाईल. 17 हजार म्हणजे 85 च्या दराने 200 डॉलर. अॅपने 500 पट उधारी दिली, म्हणून 200 डॉलरवर अर्धा लॉट, म्हणजे 50 हजार युरोचा सौदा उघडता आला. मी त्याला कागदावर लिहून दिलं: 200 ÷ 5 = 40 पिप्स. दर 1.0850 वरून 1.0810 झाला की खातं साफ. अर्धा टक्कासुद्धा नाही! युरो-डॉलर साध्या दिवशीही एवढा हलतो. त्यात खरेदी-विक्रीच्या भावातला फरक 2 पिप्स असेल तर सौदा उघडताच 10 डॉलर गेले. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

5. कायदा

भारतात राहणाऱ्याने परदेशी अॅपवर मार्जिनसाठी पैसे पाठवून चलनाचा सट्टा करणं फेमा कायद्यात बसत नाही. दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. अनधिकृत अॅप्सची 'अॅलर्ट लिस्ट' रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून आपल्या वेबसाईटवर ठेवली आहे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं मात्र नाही. ओळखीची खूण: पैसे एखाद्या भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर किंवा यूपीआयवर मागतात.

एनएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर रुपयाच्या जोड्यांचे सौदे होतात, 1,000 डॉलरचा एक करार. पण 3 मे 2024 पासून लागू झालेल्या नियमांत स्पष्ट आहे की तुमचा खरा आयात-निर्यातीसारखा व्यवहार असेल तरच रुपयाचे सौदे करायचे. कागद आधी मागत नाहीत, पण विचारलं तर दाखवावे लागतात. खरा आयातदार किंवा निर्यातदार असाल तर बँकेत फॉरवर्ड बुक करा. तीन महिन्यांनी लागणारा डॉलर आजच ठरलेल्या दराने मिळतो. दर उतरला तर तो फायदा सोडावा लागतो, पण कोटेशन तरी ठाम देता येतं.

गृहपाठ: कापूस 0.80 डॉलर पौंड, डॉलर 84 वरून 86. खंडीमागे किती फरक? उत्तर 1,254 च्या आसपास यायला हवं. तुमच्या मालाचा भाव डॉलरमध्ये ठरत असेल तर त्याचंही असंच गणित वहीत मांडा. भेटू पुढच्या व्हिडिओत.