शंका-समाधान : फोन कपाटात, व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच प्रश्नाभोवती आहेत : कॉम्प्युटरला जोडलेलं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप लॉगआउट का होतं?

प्रश्न : आमचं डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. धंद्याचा नंबर वेगळा असून त्याचा जुना फोन बंद करून कपाटात ठेवलेला असतो. ऑर्डरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येतात. फोन बंद असतानाही मेसेज येतात, मग दर दोन आठवड्यांनी कॉम्प्युटर लॉगआउट का होतो? मे महिन्यात कामगार गावी गेल्यावर युनिट बंद होतं. जूनमध्ये फोन सुरू केला, तर काही ऑर्डरी फोनवरही नाहीत आणि कॉम्प्युटरवरही नाहीत.

उत्तर : २०१५ साली व्हॉट्सअ‍ॅप वेब आलं, तेव्हा कॉम्प्युटर फक्त फोनमधलं दाखवायचा. फोनचं नेट गेलं की तो गप्प. २०२१च्या जुलैत नवी रचना चाचणीसाठी आली आणि कॉम्प्युटरला स्वतःची स्वतंत्र किल्ली मिळाली. आता तुम्हाला मेसेज पाठवणाऱ्याचा फोन तुमच्या प्रत्येक उपकरणासाठी त्या मेसेजची वेगळी कुलूपबंद प्रत तयार करतो. म्हणून फोन बंद असला तरी कॉम्प्युटरची प्रत कॉम्प्युटरला मिळते.

पण हा कॉम्प्युटर तुमचाच आहे, हे सांगणार कोण? ते काम फोनचं. क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा फोन कॉम्प्युटरच्या किल्लीवर आपली डिजिटल सही करतो. कर्जाला जामीनदार लागतो, तसा तुमचा फोन त्या कॉम्प्युटरचा जामीनदार होतो. जामीनदारच बेपत्ता असेल तर खातं त्याच्या जिवावर किती दिवस चालू ठेवायचं? कंपनीने ही मर्यादा १४ दिवसांची ठेवली आहे. फोनवर त्याहून जास्त काळ व्हॉट्सअ‍ॅप वापरलं नाही, की जोडलेली सगळी उपकरणं लॉगआउट होतात. म्हणजे फोन क्षणोक्षणी नेटवर असण्याची गरज नाही, पण अधूनमधून हजेरी लावायला हवी.

आता हरवलेल्या ऑर्डरींकडे वळू. समजा, १ मे रोजी फोन बंद केला. पंधरा-एक तारखेपर्यंत ऑर्डरी कॉम्प्युटरवर येत राहिल्या आणि मग तो लॉगआउट झाला. लॉगआउट होताना कॉम्प्युटरवरची प्रत पुसली जाते. फोनसाठीची प्रत सर्व्हरवर वाट पाहत असते, पण न पोहोचलेला मेसेज तिथे ३० दिवसच राहतो. तुम्ही फोन १० जूनला उघडलात, तर साधारण ११ मेपासूनचे मेसेज मिळतील. त्याआधीचे दहा दिवस सर्व्हरवरून गेले आणि कॉम्प्युटरवरूनही गेले. पुन्हा जोडणी केल्यावर कॉम्प्युटरला जुना इतिहास फोनकडूनच मिळतो. फोनकडे जे नाही, ते त्यालाही मिळत नाही.

उपाय सोपा आहे. दर सोमवारी कपाटातला फोन चार्ज करा, ऑफिसच्या वायफायवर जोडा, व्हॉट्सअ‍ॅप प्रत्यक्ष उघडा आणि सगळे मेसेज उतरेपर्यंत सुरू ठेवा. मे महिन्यात युनिट बंद करताना फोन कपाटात न ठेवता बरोबर घेऊन जा.

प्रश्न : मी कल्याणला घरूनच करसल्ल्याचं काम करते. फोन दिवसभर हातात असतो. तरी रोज सकाळी लॅपटॉप पुन्हा क्यूआर कोड मागतो. फोनमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. तुमचं दुखणं ब्राउझरमध्ये असावं. लॅपटॉपची किल्ली ब्राउझरच्या साठ्यात राहते. ब्राउझर बंद करताना सगळा साइट-डेटा पुसण्याची सेटिंग चालू असेल, साफसफाईचं एखादं सॉफ्टवेअर रोज कुकीज झाडत असेल किंवा तुम्ही इनकॉग्निटो खिडकीत काम करत असाल, तर ती किल्लीही पुसली जाते.

दोष कुणाकडे आहे, हे ओळखता येतं. लॅपटॉपने कोड मागितला की लगेच नवा कोड स्कॅन करू नका. आधी फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Linked devices` उघडा. अँड्रॉइडवर ते तीन टिंबांच्या मेनूत आहे, आयफोनवर सेटिंग्जमध्ये. यादीत तुमचा लॅपटॉप अजून दिसत असेल, तर खात्याने त्याला काढलेलं नाही, किल्ली लॅपटॉपकडून हरवली आहे. यादीतून नाव गेलेलं असेल, तर लॉगआउट खात्याच्या बाजूने झालं आहे : फोन बराच काळ वापरला नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवलं किंवा घरातल्या कुणी हाताने काढलं. तुमच्या यादीत एकाच लॅपटॉपच्या जुन्या नोंदी साचल्या असतील, तर त्या काढून टाका, कारण फोनखेरीज चारच उपकरणं जोडता येतात. मग ब्राउझरची ती सेटिंग बंद करा किंवा विंडोजसाठीचं स्वतंत्र अ‍ॅप वापरा. ब्राउझरच्या साफसफाईचा त्याला त्रास होत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एकाने सांगितलं, की आता सरकारच दर सहा तासांनी व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट करायला लावणार आहे. हे खरं की फॉरवर्ड?

उत्तर : याला आधार आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मेसेजिंग अ‍ॅपना तसा आदेश दिला. त्यात दोन गोष्टी आहेत. ज्या सिमवर खातं उघडलं, ते चालू सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. आणि वेबवरची जोडणी जास्तीत जास्त सहा तासांनी तुटावी, मग वापरणाऱ्याने पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करावा. यासाठी कंपन्यांना ९० दिवसांची मुदत दिली होती. कारण सायबर फसवणुकीचं. सिम काढून टाकलं तरी त्या नंबरचं खातं परदेशात बसून चालवता येत होतं आणि लोकांना भारतीय नंबरवरून धमकावलं जात होतं.

तुमच्या दृष्टीने फरक असा, की १४ दिवसांचा नियम कंपनीचा आहे आणि तो फोन उघडून पाळता येतो. सहा तासांचा नियम लागू असेल तिथे फोन कितीही वेळा उघडला तरी जोडणी तुटणारच. त्यामुळे सोसायटीचा फोन सेक्रेटरींच्या घरी आणि कॉम्प्युटर ऑफिसात, ही सोय चालणार नाही. फोन आणि त्यातलं रिचार्ज केलेलं सिम कॉम्प्युटरजवळच ठेवावं लागेल.

प्रश्न : कल्याण स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी मार्कशीटची प्रिंट काढायला व्हॉट्सअ‍ॅप जोडलं आणि घाईत लॉगआउट करायचं विसरलो. १४ दिवसांनी ते आपोआप बंद होईल ना?

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. १४ दिवसांची मोजणी तुमचा फोन किती दिवस वापरला नाही, याची आहे. तुम्ही फोन रोज वापरता, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरचा जामीन रोज नवा होतो. त्यावरचं तुमचं खातं उघडं राहिलं, तर दुकानदार किंवा पुढचं गिऱ्हाईक तुमचे मेसेज वाचू शकतं, तुमच्या नावाने पाठवूही शकतं. आत्ता फोनचं नेट चालू करा, `Linked devices`मध्ये जा, शेवटचं केव्हा वापरलं ते पाहून ती नोंद निवडा आणि `Log out` दाबा. दुकानात परत जायची गरज नाही. पुढच्या वेळी मार्कशीटची पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या किंवा दुकानाच्या ईमेलवर पाठवा.