शब्दकोड्यातील सूचना आणि उत्तर : वचन, काळ व शब्दजात यांचा मेळ

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसते, आणि ते अक्षर आपल्या काना, मात्रा, वेलांटीसह बसते. जोडाक्षरालाही एकच घर मिळते. या साध्या नियमामुळे सूचनेचे व्याकरण मराठीत फार महत्त्वाचे ठरते. इंग्रजी कोड्यात अनेकवचनाचे 'एस' हे अक्षर वेगळे घर मागते, त्यामुळे घरे मोजली तरी वचनाचा अंदाज येतो. मराठीत 'सुमन' आणि 'सुमने' या दोहोंना तीनच घरे लागतात. 'पळतो', 'पळाला', 'पळेल' यांनाही तीनच. वचन आणि काळ घरांच्या संख्येवरून कळत नाहीत. ते सूचनेनेच सांगावे लागतात.

एक लहान उदाहरण घेऊ. पहिल्या ओळीत तीन घरांचा आडवा शब्द आहे. त्याच्या शेवटच्या घरातून खाली दोन घरांचा उभा शब्द जातो. त्या उभ्या शब्दाच्या दुसऱ्या घरापासून उजवीकडे पुन्हा तीन घरांचा आडवा शब्द आहे. सूचना अशा : आडवा पहिला, 'फुले', उभा, 'पुढारी', आडवा दुसरा, 'तप करणारा'.

'फुले' हे अनेकवचन असल्याने उत्तर 'सुमने'. शेवटच्या घरात 'ने' आला. आता 'पुढारी' या सूचनेचे उत्तर 'नेता' की 'नेते'? ईकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते, म्हणून 'पुढारी' एकही असू शकतो आणि अनेकही. 'तप करणारा' म्हणजे 'तापस' हे सुचले, की 'ता' निश्चित होतो आणि 'नेता' ठरतो. छेदणाऱ्या शब्दाने येथे सोडवणाऱ्याला तारले, परंतु सूचना संदिग्ध होती हे खरेच. 'लोकांचा पुढारी' असे लिहिले असते तर 'चा' या प्रत्ययानेच वचन ठरले असते. 'लोकांचे पुढारी' असे लिहून मात्र काम भागत नाही, कारण मराठीत आदरार्थी अनेकवचन एका व्यक्तीलाही लागते.

पहिल्या सूचनेत 'फुले'ऐवजी 'फूल' छापले गेले, तर सोडवणारा 'सुमन' लिहील आणि उभ्या शब्दाच्या आरंभी 'न' येईल. तेथून 'नेता' निघणार नाही. एका मात्रेच्या चुकीने दोन शब्द अडतात, आणि सोडवणारा दोष स्वतःच्या शब्दसंग्रहाला देत बसतो.

क्रियापदात अडचण थोडी खोल आहे. 'पळाला' या उत्तरासाठी 'धूम ठोकली' ही सूचना वरवर चांगली दिसते. भूतकाळ जुळतो, अर्थही जुळतो. पण 'ठोकली' हे रूप 'धूम' या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालले आहे. पळणाऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही. त्यामुळे 'पळाला', 'पळाली', 'पळाले' ही तिन्ही उत्तरे तितकीच खरी ठरतात. 'पसार झाला' अशी सूचना दिली तर 'झाला' हे रूप कर्त्याप्रमाणे चालते, आणि 'पळाला' हे एकच उत्तर उरते. नाम आणि क्रियापद मिळून झालेली सूचना देताना तिचे क्रियापद कोणाप्रमाणे चालते आहे, हे आधी पाहावे. 'भक्षण केले' या सूचनेतही हाच धोका आहे : 'केले' हे 'भक्षण' शब्दाप्रमाणे, तर उत्तर 'खाल्ला', 'खाल्ली' किंवा 'खाल्ले'. असे सकर्मक क्रियापद असेल तेव्हा गाळलेल्या जागेची सूचना अधिक नेमकी ठरते : 'त्याने भाकरी …'. येथे 'भाकरी'मुळे 'खाल्ली' हेच रूप येते.

शब्दजातीचा घोटाळा बहुधा अर्थाच्या जवळिकीतून होतो. 'लवकर' या सूचनेला 'त्वरा' हे उत्तर देणे चूक आहे. 'त्वरा' हे नाम, त्याची सूचना 'घाई'. 'लवकर' हे क्रियाविशेषण, त्याचे उत्तर 'त्वरित'. तसेच 'शूर' याला 'पराक्रमी' चालेल, 'पराक्रम' चालणार नाही.

या सर्वांसाठी एकच कसोटी पुरते. एक छोटे वाक्य करावे, त्यात सूचना घालावी, मग तिच्या जागी उत्तर घालावे आणि बाकीचे वाक्य जसेच्या तसे ठेवावे. 'तो लवकर निघाला', 'तो त्वरित निघाला' : जुळले. 'तो त्वरा निघाला' : वाक्य मोडले. 'चोर पसार झाला', 'चोर पळाला' : जुळले. 'चोराने धूम ठोकली' येथे मात्र 'चोराने पळाला' होते, आणि दोष लगेच कानाला खटकतो.

कसोटीला मर्यादाही आहे. 'शाळा', 'देव', 'लाडू' यांची दोन्ही वचने सारखीच असल्याने वाक्य मोडत नाही, आणि 'पुढारी'सारखी संदिग्धता तिला दिसत नाही. म्हणून कोडे रचणाऱ्याने दुसरा प्रश्नही विचारावा : या सूचनेला, तितक्याच घरांचे, याच शब्दाचे दुसरे रूप बसते का? बसत असेल, तर सूचनेत लिंग किंवा वचन दाखवणारा एक शब्द वाढवावा.