जवळचा सर्व्हर मुंबईत, उत्तर सिंगापूरहून

‘सर, तुमचा डीएनएस अमेरिकेतला आहे, वेळ लागणारच.’ आमच्या पुण्याच्या ऑफिसात साइट रखडत उघडायला लागल्यावर इंटरनेट प्रोव्हायडरच्या कस्टमर केअरनं मला हे ऐकवलं, आणि पुढच्या प्रत्येक फोनवर नव्या माणसानं तेच. राउटर बंद-चालू करा, हेही दर वेळी. तक्रार मात्र परस्पर ‘निकाली’ निघायची.

आम्ही 1.1.1.1 वापरतो. हा पत्ता अमेरिकेतल्या एखाद्या मशिनचा नाही. मुंबईसकट जगभरातल्या शेकडो शहरांतून ‘हा पत्ता माझ्याकडे आहे’ अशी घोषणा बीजीपीतून एकाच वेळी होत असते. प्रत्येक प्रोव्हायडरचा राउटर कानावर आलेल्या मार्गांपैकी एक निवडतो आणि ग्राहकाचा प्रश्न त्या वाटेनं धाडतो. यालाच एनीकास्ट म्हणतात. डीएनएसला हे छान मानवतं, कारण बहुतेक वेळा एका यूडीपी पॅकेटमध्ये प्रश्न जातो, एकात उत्तर येतं आणि विषय संपतो. पुढचा प्रश्न दुसऱ्या शहरात गेला तरी काही बिघडत नाही.

मोठ्या कंपन्या एवढा खटाटोप करतात तो अंतरासाठी. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबईला जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. सिंगापूर जवळपास 4,000 किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन निदान 40, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात 60च्या आसपास. शिवाय एखादं ठिकाण बंद पडलं की त्याची घोषणा मागे घेतली जाते आणि वाहतूक आपोआप दुसरीकडे वळते. हल्ला झाला तर त्याचा भारही वाटला जातो. ऑक्टोबर 2002मध्ये तेराही रूट सर्व्हरवर एकदम हल्ला झाला, त्यानंतर रूट सर्व्हरही याच पद्धतीनं झपाट्यानं पसरले.

मग मुंबईत सर्व्हर असताना आमचं घोडं अडलं कुठे? मी ही कमांड चालवली:

```
dig CH TXT id.server @1.1.1.1 +short
```

ज्या ठिकाणाहून उत्तर येतं त्याचा विमानतळाचा कोड यात मिळतो. BOM यायला हवं होतं, आलं "SIN". पुन्हा चालवली, पुन्हा "SIN". मग ट्रेसराउट लावला. सुरुवातीचे टप्पे तीन-चार मिलिसेकंदांत, आणि प्रोव्हायडरच्या हद्दीतून बाहेर पडताच एकदम 62. त्या राउटरच्या नावातच sin होतं. इतके दिवस मला अमेरिका ऐकवणाऱ्यांचं स्वतःचं नेटवर्क माझा प्रश्न मुंबईवरून सिंगापूरला नेत होतं!

कारण नंतर त्यांच्याच एका इंजिनिअरनं फोनवर सांगितलं. त्यांनी सिंगापूरमधून नवी अपस्ट्रीम लाइन घेतली होती आणि तिच्या मार्गांना लोकल प्रेफरन्स जास्त दिला होता. बीजीपी आधी हा आकडा बघतं, मार्गाची लांबी त्यानंतर. त्यामुळे मुंबईचा मार्ग समोर असूनही हरला. एनीकास्टमध्ये ‘जवळचं’ म्हणजे नकाशावरचं जवळचं नव्हे. तुमच्या प्रोव्हायडरच्या राउटरला जे पसंत, ते जवळचं.

नुकसान फक्त त्या 60 मिलिसेकंदांचं नव्हतं. काही सीडीएन कोणत्या रिझॉल्व्हरनं विचारलं ते पाहून उत्तर देतात. विचारणारा सिंगापूरचा दिसला, म्हणून त्यांनी आम्हाला सिंगापूरच्याच सर्व्हरचे पत्ते दिले, आणि पानावरचे फोटो-व्हिडिओही तिकडून यायला लागले. साइट रखडत होती ती यामुळे.

तेव्हा तुमच्याकडे असं झालं तर डीएनएस बदलण्याआधी वरची कमांड चालवा. ‘8.8.8.8 टाकून बघा’ असा सल्ला मिळेलच, पण त्या पत्त्याचा मार्ग वेगळा असतो. तो मुंबईत पोचेल किंवा आणखी लांब जाईल, ट्रेसराउट केल्याशिवाय कळत नाही. +short काढून चालवलं तर dig उत्तराखाली Query time दाखवतं. एकच नाव लागोपाठ दोनदा विचारा आणि दुसरा आकडा धरा, कारण पहिल्यात रिझॉल्व्हरनं पुढे चौकशी करण्याचा वेळही मिसळलेला असू शकतो. कस्टमर केअरशी वाद घालू नका, त्यांच्यासमोर बीजीपी नसतंच. ट्रेसराउट आणि id.server चं उत्तर ईमेलनं थेट एनओसीला पाठवा, आणि 1.1.1.1 चा मार्ग मुंबईच्या पीअरिंगवरून का घेत नाही, एवढंच विचारा. सगळं लेखी ठेवा.

माझ्या ईमेलला उत्तर आलं नाही. काही दिवसांनी कमांडवर "BOM" आलं, आणि तक्रारीवर शेरा पडला: ‘अडचण ग्राहकाच्या बाजूची होती.’ तो शेरा बदलून घेण्यासाठी मी अजून पत्रव्यवहार करतो आहे.